‘रोज बॅकअप’ म्हणूनही दिवसभराची बिलं गेली: बॅकअप सेवेच्या मालकांचं उत्तर

ग्राहकाचा अभिप्राय (१ तारा): “संध्याकाळी साडेचारला सर्व्हरची डिस्क गेली. त्या दिवसाची सगळी बिलं गेली, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत एकही बिल निघालं नाही. बॅकअपच्या नावाखाली पैसे घेतात, बॅकअप घेतच नाहीत.”

सर, तुम्हाला झालेल्या त्रासाबद्दल मनापासून माफी मागतो. पण “बॅकअप घेतच नाहीत” हे वाक्य मनाला लागलं. आदल्या रात्री ११ चा बॅकअप पूर्ण होता आणि तोच परत आणला. रात्री एकदाच बॅकअप घ्यायचा म्हणजे सकाळपासूनचं काम जाऊ शकतं, हे आपण मान्य करून कागदावर घेतलं होतं. किती वेळापर्यंतचं काम गेलं तर चालेल, या मर्यादेला आरपीओ म्हणतात. तुमच्या कागदावर ती २४ तास आहे. आम्ही दुपारी २ चा बॅकअपही लावला होता. तो चालू असताना कॉम्प्युटर हळू होतात म्हणून तुमच्याकडूनच तो बंद करायला सांगितलं गेलं. तो असता तर अडीच तासांचीच बिलं पुन्हा भरावी लागली असती.

दुसऱ्या दिवशीच्या उशिराचं मात्र आम्हालाच उत्तर द्यायला हवं. धंदा किती वेळात पुन्हा सुरू व्हावा, त्याला आरटीओ म्हणतात. आम्ही ‘चार तास’ लिहिलं, पण परत आणून घड्याळ लावून कधी पाहिलं नाही. तुमचा डेटा ४०० जीबी, लाइन १०० एमबीपीएस. पूर्ण वेगानेही इंटरनेटवरून तो उतरवायला जवळजवळ नऊ तास लागतात. आम्हाला अकरा लागले, त्याआधी नवी डिस्क बसवण्यात संध्याकाळ गेली. इथे दर तासाला बॅकअप असता तरी हा वेळ कमी झाला नसता, कारण तो डेटाच्या आकारावर आणि लाइनवर ठरतो.

खरी चूक क्रमाची झाली. बिलांचा डेटाबेस जेमतेम ६ जीबी आहे, बाकी सगळे जुने स्कॅन. डेटाबेस आधी उतरवला असता तर आठ-दहा मिनिटांत हातात आला असता आणि सकाळी दुकान उघडताना बिलं सुरू झाली असती. आम्ही सगळं एकत्र उतरवत बसलो. हे कबूल करताना लाज वाटते. बारा वर्षं या कामात आहोत, आणि अशा एका अभिप्रायाने नवा ग्राहक दाराशी येऊन परत जातो.

आता डेटाबेसच्या ट्रान्झॅक्शन लॉगचा, म्हणजे त्यातल्या बदलांच्या नोंदीचा, बॅकअप दर पंधरा मिनिटांनी घेता येईल. त्यात फक्त नवे बदल जातात, त्यामुळे दुपारी कॉम्प्युटर हळू होण्याची तक्रार राहणार नाही. स्कॅन रात्रीच. एक प्रत दुकानातल्याच वेगळ्या डिस्कवर ठेवू, म्हणजे लाइनची वाट पाहावी लागणार नाही. दुकानालाच काही झालं तर इंटरनेटवरची प्रत आहेच. परत आणून पाहण्याची चाचणीही वेळोवेळी करू. तुमची हरकत नसेल तर या आठवड्यात येऊन हे बसवून देतो, वेगळे पैसे घेणार नाही.