पहिला पाऊस, खिडकी आणि तळमजल्यावरचे काका

आज सकाळी पार्किंगमध्ये, वॉचमन, इस्त्रीवाला आणि दुसऱ्या मजल्यावरच्या दोन वहिनी यांच्या साक्षीनं माझी कविता मोठ्यानं वाचली गेली. वाचणारा मी नव्हतो. तळमजल्यावरचे काका होते. चष्मा कपाळावर, मोबाईल हातभर लांब, आणि आवाज निविदा उघडून वाचताना लागतो तसला.

‘खिडकीत मी अन् बाहेर पहिला पाऊस, मृद्गंधाने भरून गेले आसमंत...’

काल चारच्या सुमाराला आभाळ अंधारून आलं, टपोरे थेंब पडले, लाईट गेली, आणि मी मोबाईलच्या उरल्यासुरल्या बॅटरीवर प्रोफाइलसाठी चार ओळी लिहिल्या. एवढाच माझा गुन्हा. इन्स्टाग्रामच्या बायोत 150 अक्षरं बसतात, मला निम्मीच पुरली असतील. त्याच ओळी पोस्टही केल्या. बारा जणांनी बदाम दिले. काकांनी बदाम दिला नाही. ते खाली थांबून राहिले.

काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत, पण पाऊस अजून त्यांच्या अखत्यारीत आहे. गच्चीवर, टाकीपासून पुरेसं लांब, त्यांचं पर्जन्यमापक आहे. सोसायटीच्या मीटिंगमध्ये इतर कुठल्याही विषयावर ते झोपतात. गच्चीवर मांडव घालायचा विषय निघाला की मात्र ताठ बसतात.

‘पहिला पाऊस कशावरून?’ त्यांनी विचारलं.

‘अहो काका, याआधी पडला नव्हता, म्हणून पहिला.’

‘वारा कुठला होता?’

कवितेला वारा कुठला होता असं आजवर मला कुणी विचारलेलं नाही. मी पूर्वेकडे हात केला, कारण माझी खिडकी तिकडे आहे आणि पाणी सगळं तिथूनच आत आलं होतं.

‘झालं तर मग. पूर्वेकडून आला, दिवसभर उकडून दुपारनंतर आला, गडगडाट करत आला आणि तासाभरात गेला. हा वळीव. मोसमी पाऊस नैर्ऋत्येकडून येतो, त्याला एवढी नाटकं लागत नाहीत. तो येतो आणि बसतो.’

मी म्हटलं, हल्ली मान्सूनसुद्धा लवकर येतो. 2025 मध्ये नाही का, 24 मे रोजी केरळात आणि 26 मे रोजी मुंबईत पोचला? मुंबईची तारीख 11 जून असताना! माहिती माझ्याकडेही असते, एवढंच मला वहिनींसमोर दाखवायचं होतं. ही चूक झाली असं मी म्हणणार नाही, पण पुढची वीस मिनिटं इस्त्रीवाल्याची इस्त्री थंड झाली.

कारण केरळात मान्सून आला हे कुणी खिडकीतून बघून ठरवत नाही. 10 मे उलटल्यावर ठरलेल्या 14 केंद्रांपैकी किमान 60 टक्के केंद्रांवर सलग दोन दिवस अडीच मिलिमीटर किंवा जास्त पाऊस नोंदवला गेला पाहिजे. शिवाय पश्चिमेचे वारे पुरेशा उंचीपर्यंत असावे लागतात, ढगांचंही एक माप बघतात. सगळं जुळलं की मग जाहीर करतात. ‘आणि तुम्ही?’ काका म्हणाले. ‘तुम्ही एका खिडकीवरून जाहीर केलंत.’

वॉचमन हसला. त्याला दिवाळीला काय द्यायचं याचा मी फेरविचार करतो आहे.

‘बरं, पडला किती?’ काका.

‘खूप पडला. माझ्या हॉलमध्येच...’

‘हॉल सोडा. एक पूर्णांक आठ.’ त्यांनी खिशातून वही काढली. पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो, त्या वेळी मागच्या चोवीस तासांचं पाणी मोजायचं. अडीच मिलिमीटर भरलं तर तो ‘पावसाळी दिवस’. आमच्या गच्चीवर भरलं नव्हतं. म्हणजे काल मी जे बघून हळवा झालो, तो दिवस हिशेबात कोरडा! चार वाजता कविता टाकायची घाई कशाला केलीत, साडेआठपर्यंत थांबायचं, असं ते कळवळून म्हणाले. खरंच कळवळून. त्याचाच जास्त राग आला.

मृद्गंधालाही त्यांनी सोडलं नाही. तो वास कोरड्या मातीवर थेंब पडला की येतो. मातीतले जिवाणू जिओस्मिन नावाचं द्रव्य तयार करतात. थेंब आपटला की मातीच्या फटींतली हवा बुडबुड्यांनी वर येते, ते फुटतात आणि वास हवेत उडतो. त्यातही हलक्या पावसात जास्त, मुसळधार कोसळला की कमी. ‘आता मला दाखवा, आपल्या आवारात माती कुठाय?’

आम्ही सगळ्यांनी आवारात पाहिलं. पेव्हर ब्लॉक. भिंतीपासून भिंतीपर्यंत पेव्हर ब्लॉक. शोभेचं एक पाम, त्याच्याही बुंध्याशी सिमेंट. ते काम कमिटीनं चार वर्षांपूर्वी वर्गणी काढून केलं आणि तेव्हापासून पाणी मुरायचं बंद होऊन पार्किंगमध्ये तळं साचतं. त्याबद्दल मी अर्ज दिलाय. त्यावर उत्तर नाही. कविता टाकली की मात्र चौकशी समिती खालीच उभी.

काकांनी थोडी सवलत दिली. वादळाच्या पुढे धावणारा वारा टेकडीवरचा वास इथवर आणू शकतो, म्हणून ‘आसमंत’ राहू दे, ‘भरून गेले’ काढा.

खरं सांगायचं तर काल त्या खिडकीत मी उभा नव्हतोच. ओणवा होतो. सरकत्या ॲल्युमिनियमच्या खिडकीच्या खालच्या पट्टीला बाहेरच्या अंगाला बारीक भोकं असतात, साचलेलं पाणी त्यांतून बाहेर जावं म्हणून. रंगारी आला की तो ती पुट्टीनं बुजवतो आणि वर ‘साहेब, एकदम फिनिशिंग’ म्हणून पैसे घेतो. मग पाणी पट्टीत चढतं आणि भरलं की आत ओसंडतं. भोकं बुजलीत का हे उन्हाळ्यातच कळतं: पट्टीत तांब्याभर पाणी ओतायचं आणि बाहेर ठिबकतं का बघायचं. हे कुणी सांगत नाही. पहिल्या पावसावर मात्र जो तो लिहितो, त्यात खाली पसरलेलं वर्तमानपत्र आणि सोफ्याचा भिजलेला पाय कधीच नसतो. मी दाभण घेऊन भोकं मोकळी करत होतो, मागून बायको टॉर्च धरून ‘आधी हे, मग कविता’ असं म्हणत होती.

म्हणून आज दुपारी इरेला पेटून मी नव्यानं लिहिलं. चारोळी नाही, सरळ अभंगाचा छंद घेतला. सहा, सहा, सहा, चार अक्षरं. जोडाक्षर एकच धरायचं, दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचं यमक जुळवायचं. बावीस अक्षरांत काम, आसमंताला जागाच नाही.

पूर्वेचा वळीव
खिडकीत शिरे
पोतेऱ्याला पुरे
उरे तरी

मला आवडलं. बदाम तीनच आले, त्यातला एक बायकोचा. संध्याकाळी बेल वाजली. दारात काका, हातात वही.

‘छान आहे,’ ते म्हणाले. ‘फक्त वारा पूर्वेचा नव्हता, आग्नेयेचा होता. मी नोंद पाहिली.’

आता मी पकडलं त्यांना. ‘आग्नेयेचा वळीव’ म्हणजे सात अक्षरं, काका. छंद मोडतो.

त्यांनी बोटांवर मोजलं. पुन्हा मोजलं. माझ्याच दारात, माझ्याच पायपुसण्यावर उभं राहून डोळे मिटले. ‘आग्नेयी वळीव,’ म्हणाले. ‘सहा.’ आणि जिना उतरून गेले.

सहाच होतात. मी बदललेलं नाही. बदलणारही नाही.