किंमत कुठे लावायची? अकारविल्हे क्रमाबद्दलच्या एका संदेशाचा प्रतिवाद

«मराठी शब्द कोशाप्रमाणे लावायला वेगळे काही शिकावे लागत नाही. बाराखडी म्हणा, क्रम लागलाच. कं, कः शेवटी येतात, म्हणून अनुस्वाराचे शब्दही शेवटी. नाही जमले तर टिंब सोडून द्या, फरक पडत नाही. आणि संगणकावर तर कामच नाही: युनिकोड वर्णमालेच्याच क्रमाने आहे, सॉर्ट केले की झाले.»

वडोदऱ्यातील मराठी मंडळींच्या गटांत हा संदेश बराच फिरला आहे, आणि सभासदांच्या व ग्रंथांच्या याद्या करणाऱ्यांनी तो प्रमाण मानून कामही सुरू केले आहे, म्हणून त्याचे उत्तर सविस्तर देणे भाग आहे.

बाराखडी ही एका व्यंजनाला एकेक स्वर जोडून दाखवणारी सारणी आहे. ती लेखन शिकवण्यासाठी आहे आणि त्या कामापुरती पुरेशी आहे. शब्दकोशाला मात्र प्रत्येक शब्दाला एकच एक जागा द्यावी लागते, आणि बाराखडीत न येणाऱ्या जोडण्या भाषेत भरपूर असतात. ‘किंमत’ हा शब्द घ्या. बाराखडीत ‘कि’ आहे आणि ‘कं’ आहे, ‘किं’ नाही. ‘कुंकू’, ‘कोंबडी’, ‘कांदा’ यांचीही तीच अडचण. ‘कंस’ हा ‘कौ’च्या शब्दांनंतर लावावा असे मान्य केले, तर ‘किंमत’ कोठे लावावी? ‘कि’च्या सगळ्या शब्दांनंतर लावावी म्हटले, तर त्याच न्यायाने ‘कंस’ हा ‘क’च्या शब्दांनंतर, म्हणजे ‘का’च्या आधी यायला हवा, ‘कौ’च्या नंतर नव्हे. नियम स्वतःशीच जुळत नाही. शिवाय ‘क्रम’ आणि ‘क्वचित’ या जोडाक्षरांबद्दल बाराखडी काहीच बोलत नाही.

कोशाचा नियम वर्णांवर चालतो, अक्षरांवर नव्हे. शब्द मनातल्या मनात वर्णांत फोडावा लागतो: ‘नवापुरा’ म्हणजे न्, अ, व्, आ आणि पुढचे, ‘न्यायमंदिर’ म्हणजे न्, य्, आ आणि पुढचे. मग डावीकडून एकेक वर्ण ताडून पाहावयाचा, आणि वर्णमालेत सगळे स्वर सगळ्या व्यंजनांच्या आधी आहेत एवढे लक्षात ठेवावयाचे. आपल्याच शहरातील चार ठिकाणे घेऊ: न्यायमंदिर, निझामपुरा, नवापुरा, नागरवाडा. चौघांचाही पहिला वर्ण न्. दुसरा वर्ण नवापुऱ्यात अ, नागरवाड्यात आ, निझामपुऱ्यात इ, आणि न्यायमंदिरात थेट य् हे व्यंजन. म्हणून क्रम नवापुरा, नागरवाडा, निझामपुरा आणि सर्वांत शेवटी न्यायमंदिर असा लागतो. जोडाक्षरे ‘कौ’, ‘नौ’ यांच्या मागे का जातात याचे कारण एवढेच आहे, आणि काना नसलेल्या अक्षरातही ‘अ’ हा स्वर असतो, ही गोष्ट ज्याला पटली त्याला तो क्रम पाठ करावा लागत नाही.

आता अनुस्वार. या टिंबाला वर्णमालेत कोठे बसवावे याच्या दोन रूढ रीती आहेत आणि दोन्ही विचारपूर्वक ठरलेल्या आहेत. पहिली रीत: स्वरावर अनुस्वार असेल, तर तो त्या स्वरानंतर येणाऱ्या कोणत्याही स्वर-व्यंजनाच्या आधीचा मानावयाचा. नागरीप्रचारिणी सभेचा हिंदी शब्दसागर याच रीतीने लावलेला आहे, आणि अनेक मराठी कोश उघडले तरी पहिल्या पानावर ‘अंक’ आणि त्याचे सोबती दिसतात ते त्यामुळेच. या रीतीने ‘कंस’ हा ‘कट’च्या आधी, ‘किंमत’ ही ‘किडा’च्या आधी, ‘कोंबडी’ ही ‘कोकम’च्या आधी, आणि आपली मांडवी माजघराच्या आधी लागते. प्रत्येक स्वराच्या तोंडाशी त्याचे अनुस्वारयुक्त शब्द असतात. सगळे मिळून एका टोकाला जात नाहीत.

दुसरी रीत संस्कृत कोशांची. तेथे अनुस्वार लिहिलेला असला तरी पुढच्या वर्णाकडे पाहून त्याचा उच्चार ठरवतात. पुढे क-वर्ग असेल तर तो ङ्, च-वर्ग असेल तर ञ्, ट-वर्ग असेल तर ण्, त-वर्ग असेल तर न्, प-वर्ग असेल तर म्. आणि शब्द त्या अनुनासिकाच्या जागी बसतो. य, र, ल, व, श, ष, स, ह यांच्या आधीचा अनुस्वार तेवढा खरा अनुस्वार म्हणून स्वराच्या लगेच मागे राहतो. मोनिअर-विल्यम्स यांच्या १८९९ च्या संस्कृत-इंग्रजी कोशात म्हणूनच ‘अंश’ अगदी आरंभी सापडतो आणि ‘अंक’ मात्र ‘अघ’च्या शब्दांनंतर, ङ्च्या जागी. हातातला कोश कोणत्या रीतीचा आहे हे ओळखण्यासाठी प्रस्तावना वाचत बसण्याची गरज नाही. ‘अंश’ आणि ‘अंक’ दोन्ही पहिल्या पानांवर असतील तर पहिली रीत, दोघांची ताटातूट झालेली असेल तर दुसरी. आधुनिक मराठी यादीसाठी माझे मत पहिल्या रीतीच्या बाजूने आहे, कारण शोधणारा सभासद डोळ्यांना दिसणारे टिंब शोधतो, परसवर्णाचे नियम आठवत नाही.

टिंब सोडून दिल्याने काय होते ते पाहण्यास तीन जोड्या पुरेत: ‘वंश’ आणि ‘वश’, ‘वंदन’ आणि ‘वदन’, ‘मंद’ आणि ‘मद’. टिंब गेले की या जोड्यांतील दोघांची जागा एकच होते आणि त्यांत आधी कोण, हे ठरवण्यास काहीच उरत नाही. दहा माणसांनी यादी लावली तर दहा वेगळे क्रम लागतील. इतरत्र नुकसान अधिक छुपे असते: ‘खंडेराव मार्केट’ हे खटाटोप आणि खडक यांच्या मागेपुढे कोठेतरी जाऊन पडते आणि ‘ख’च्या आरंभी शोधणारा हात हलवीत परततो.

संगणकाबद्दलचे विधान मात्र पूर्ण चूक नाही, आणि येथे संदेश लिहिणाऱ्याला श्रेय दिले पाहिजे. युनिकोडचा देवनागरी विभाग इस्की या भारतीय मानकाच्या १९८८ च्या आराखड्यावरून घेतला आहे, आणि त्यात चिन्हांचे अनुक्रमांक जाणूनबुजून असे ठेवले आहेत की नुसती अंकांची तुलना केली तरी बराचसा कोशक्रम मिळावा. अनुस्वार `U+0902` वर, म्हणजे स्वर व व्यंजनांच्या आधी, मग स्वर, मग `U+0915` ते `U+0939` व्यंजने, त्यानंतर काना-मात्रांची चिन्हे `U+093E` पासून, आणि हलन्ताचे चिन्ह `U+094D` त्यांच्याही मागे. म्हणून वरची चार ठिकाणे पायथॉनला दिली, तर उत्तर बरोबर येते:

```python
print(sorted(["न्यायमंदिर", "निझामपुरा", "नवापुरा", "नागरवाडा"]))
# ['नवापुरा', 'नागरवाडा', 'निझामपुरा', 'न्यायमंदिर']
```

अडते ते ‘ळ’पाशी. इस्कीने ‘ळ’ला ‘ल’च्या शेजारी बसवले (`U+0933`), तर मराठी वर्णमालेत ‘ळ’ हा ‘ह’च्या नंतर येतो. गुजराती मुळाक्षरांतही ह, ळ, क्ष, ज्ञ असाच शेवट आहे, त्यामुळे वडोदऱ्यात दोन्ही लिप्या वाचणाऱ्याला ही उलथापालथ लगेच खटकते. सभासदांच्या यादीत कावळे, काळे, कासार अशी आडनावे असतील, तर यंत्र ती काळे, कावळे, कासार अशी लावते. मराठी क्रमाने ती कावळे, कासार, काळे अशी हवीत. दुसरी अडचण ‘ॲ’ची. हे अक्षर युनिकोडमध्ये उशिरा आल्यामुळे त्याला `U+0972` हा क्रमांक मिळाला, जो सगळ्या व्यंजनांच्या आणि मात्रांच्याही पलीकडचा आहे. परिणामी ‘ॲड.’ने सुरू होणाऱ्या नोंदी ‘ह’ संपल्यावर यादीच्या तळाशी जातात, जेथे कोणीही वकिलांना शोधणार नाही. पुन्हा तेच अक्षर कोणी ‘अ’ आणि चंद्र अशा दोन चिन्हांनी टंकले असेल, तर ती नोंद ‘अह’च्या नंतर आणि ‘आ’च्या आधी जाते. दिसायला जवळजवळ सारख्या नोंदी दोन टोकांना गेल्या, की टंकनातला हा फरक आधी तपासावा.

दोन्ही दोषांवर छोटा उपाय आहे. क्रम लावताना ‘ळ’च्या ऐवजी ‘ह’च्या लगेच पुढचे, मराठीत न लागणारे `U+093A` हे चिन्ह धरावे आणि ‘ॲ’च्या ऐवजी ‘ए’च्या आधी असलेले ‘ऍ’. मूळ नोंदीला हात लावावयाचा नाही.

```python
def kosh(s):
    s = s.replace("अ\u0945", "ॲ")
    return s.replace("ळ", "\u093a").replace("ॲ", "ऍ")

yadi = ["काळे", "कासार", "कावळे"]
print(sorted(yadi, key=kosh))
# ['कावळे', 'कासार', 'काळे']
```

‘ॲ’ला ‘ए’च्या आधी ठेवावे की ‘अ’च्या मागे, यावर मतभेद होऊ शकतो आणि मंडळाने ते एकदा ठरवून टाकावे. ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ यांचेही तसेच: त्यांना क् व ज् यांच्या पोटातील जोडाक्षरे मानले तर वरचा क्रम पुरतो, वर्णमालेच्या शेवटची स्वतंत्र अक्षरे मानले तर आणखी दोन बदल करावे लागतात. काही प्रोग्रॅम अनुक्रमांकांऐवजी प्रत्येक भाषेचे स्वतःचे तक्ते वापरतात, म्हणून कोणत्याही प्रोग्रॅमवर विसंबण्यापूर्वी कासार, काळे, ॲड. आणि हळदे एवढ्या चार नोंदी लावून पाहाव्यात. काळे कासारांच्या आधी आले किंवा ॲड. हळद्यांच्या नंतर गेले, तर तो प्रोग्रॅम मराठीच्या क्रमाने नोंदी लावीत नाही.

एक गोष्ट मात्र कोणत्याही सूत्राने सुटत नाही, ती म्हणजे एकाच शब्दाची दोन लेखने. ‘पंडित’ आणि ‘पण्डित’ हे यंत्राच्या दृष्टीने वेगळे शब्द आहेत. पहिला ‘प’च्या आरंभी जातो, दुसरा ‘पढ’च्या पलीकडे. जुन्या ग्रंथांच्या यादीत हे अधिक होते, कारण १९६२ च्या लेखनविषयक नियमांनी व्युत्पत्तीपोटी दिले जाणारे, उच्चारात नसलेले अनुस्वार काढून टाकले, पण त्याआधीच्या मुखपृष्ठांवर ‘नांव’, ‘पांच’, ‘कांहीं’ असेच छापलेले आहे. मोल्सवर्थच्या १८५७ च्या कोशातही ‘नांव’ म्हणजे नाम आणि ‘नाव’ म्हणजे होडी असा भेद टिंबानेच राखलेला आहे. अनुस्वार-आधीच्या क्रमात ‘नांव’ने सुरू होणारे ग्रंथनाम ‘ना’च्या अगदी आरंभी जाते आणि आजचा वाचक ते ‘नाल’च्या पुढे शोधत राहतो. अशा यादीत नाव जसे छापले आहे तसे एका रकान्यात आणि आजच्या लेखनाप्रमाणे दुसऱ्या रकान्यात लिहावे, क्रम दुसऱ्यावरून लावावा आणि छापताना फक्त पहिला दाखवावा.