पेट्रोल गाडीत डिझेल पडलं तर वरून पेट्रोल टाकू नका

"पेट्रोल गाडीत चुकून डिझेल पडलं तर घाबरू नका. वरून पेट्रोल भरून टाकी फुल करा आणि गाडी रेस करत पळवा, सगळं जळून जातं. पेट्रोल इंजिनाला काही होत नाही."

असा सल्ला ऐकायला मिळतो, पण तो चुकीचा आहे. आधी त्यातलं टाकी फुल करण्याचं बघू. माझ्या मेहुण्याच्या गाडीची टाकी ३५ लिटरची. नाशिकमध्ये द्वारकेजवळच्या एका पंपावर पोहोचला तेव्हा आत ५ लिटर पेट्रोल होतं, त्यात १५ लिटर डिझेल पडलं. वरून १५ लिटर पेट्रोल ओतलं असतं तरी टाकीत ४३ टक्के डिझेलच राहिलं असतं. डिझेलची पेट्रोलसारखी चटकन वाफ होत नाही, त्यामुळे ठिणगी पडूनही ते नीट पेटत नाही. लिटरभर पडलं आणि बाकी टाकी पेट्रोलने भरलेली असली तर गाडी कदाचित चालेल, पण तेव्हाही मेकॅनिकला विचारूनच पुढे जा.

मेहुणा पंपावरून निघाला तेव्हा गाडी ठणठणीत होती, कारण पाइपात जुनं पेट्रोल होतं. मुंबई नाक्याला पोहोचेपर्यंत ती झटके द्यायला लागली. पिकअप गेला, मागून पांढरट धूर निघाला, चेक इंजिनचा दिवा लुकलुकला आणि सर्कलच्या अलीकडे गाडी बंद पडली. मग सेल्फ नुसता फिरत राहिला.

रेस करण्याचा सल्ला तर सर्वात घातक. न जळलेलं इंधन सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि तिथली जाळी अति तापून वितळू शकते. तो भाग महाग आहे. दिवा लुकलुकत असेल तर गाडी कडेला घ्या, इंजिन बंद करा, पार्किंगचे दिवे लावा आणि टोइंगवाल्याला बोलवा. सेल्फ मारत बसू नका.

इंजिनाला काही होत नाही, हे अर्धवट खरं आहे. डिझेल गाडीत पेट्रोल पडलं की वंगण कमी पडून महागडा पंप झिजतो. इथे तसं होत नाही. पण प्लग काजळतात आणि न जळलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतींवरून खाली उतरून ऑइल पातळ करतं. मेकॅनिकने डिपस्टिक काढून दाखवली: ऑइल खुणेच्या वर चढलेलं, वासही डिझेलचा. मग ऑइल आणि ऑइल फिल्टर बदलावंच लागलं. त्याआधी त्याने टाकी पूर्ण रिकामी केली, लाइन आणि इंजेक्टरची रेल पेट्रोलने धुतली, फ्यूएल फिल्टर बदलला, प्लग साफ केले. ताजं पेट्रोल टाकल्यावर गाडी सुरू झाली. थोडा वेळ धूर आला, मग थांबला.

शंका असेल तर टाकीतून काढलेल्या इंधनाचा एक थेंब वर्तमानपत्राच्या कागदावर टाका. पेट्रोल लगेच उडून जातं, डिझेलचा तेलकट डाग राहतो. तोंडाने नळी ओढून इंधन काढायच्या फंदात मात्र पडू नका.

चूक पंपावरच लक्षात आली तर चावी 'ऑन'पर्यंतसुद्धा फिरवू नका, कारण तेवढ्यानेच टाकीतला पंप सुरू होऊन डिझेल पुढे ढकलतो. गाडी न्यूट्रलला टाकून बाजूला ढकला आणि डिझेल लिहिलेली पावती मागून घ्या. एवढ्यावर थांबलात तर बहुतेक वेळा टाकी रिकामी करण्यावर भागतं.