दीडपट बीटा, दीडपट परतावा?

शेअर घेणाऱ्यांसाठीच्या एका मेसेजमध्ये असं लिहिलं आहे: 'बीटा म्हणजे परताव्याचा गुणक. बीटा १.५ असेल तर निफ्टीने १२ टक्के दिले की तुमचा शेअर १८ टक्के देणार. बीटा १ पेक्षा कमी म्हणजे सुरक्षित शेअर. याच सूत्राला नोबेल मिळालं आहे. वय कमी असेल तर जास्त बीटाचे शेअर घ्या आणि दहा वर्षं विसरून जा.'

बीटा म्हणजे खरं तर बाजार एक टक्का हलला की त्यासोबत शेअर सरासरी किती टक्के हलतो, ते सांगणारा आकडा. आधी मेसेजमधला साधा हिशेब तपासू, कारण तो सूत्राप्रमाणेही चुकलेला आहे. विल्यम शार्प यांनी १९६४ मध्ये मांडलेलं कॅपिटल अॅसेट प्रायसिंग मॉडेल, बोलण्यात 'कॅपएम', असं आहे:

अपेक्षित परतावा = बिनजोखीम दर + बीटा × (बाजाराचा अपेक्षित परतावा − बिनजोखीम दर)

बीटाने गुणायचं ते कंसातल्या फरकाला, अख्ख्या परताव्याला नाही. समजा सरकारी रोख्यावर ७ टक्के मिळतात आणि बाजाराकडून १२ टक्क्यांची अपेक्षा आहे. मग जोखमीचा मोबदला ५ टक्के. बीटा १.५ असलेल्या शेअरकडून अपेक्षा ७ अधिक ७.५, म्हणजे १४.५ टक्क्यांची. मधले साडेतीन टक्के त्या मेसेजनं हवेतून काढले. कारण साधं आहे: ७ टक्के तर कसलीही जोखीम न घेता मिळतात, त्यांची दीडपट करायला कुणी बांधील नाही.

दुसरी गोष्ट 'अपेक्षित' या शब्दाची. बाजाराने वर्षभरात १२ ऐवजी ४ टक्के दिले, तर तेच सूत्र ७ अधिक १.५ गुणिले उणे ३ म्हणतं. उरतात अडीच टक्के. सूत्राचं म्हणणं एवढंच, की बाजारासोबत जास्त हेलकावे खाणारा शेअर माणसं तेव्हाच घेतील, जेव्हा त्याचा आजचा भाव पुढे जास्त परताव्याची शक्यता ठेवण्याइतका कमी असेल. ते भाव कसा ठरायला हवा याबद्दलचं विधान आहे. शेअरनं कुणाला दिलेलं वचन नव्हे.

आता सुरक्षितपणाकडे येतो. मेसेजमधली मला सर्वांत घातक वाटणारी ओळ हीच. बीटा दोन गोष्टींच्या गुणाकारातून येतो: शेअरची चाल बाजाराशी किती जुळते (सहसंबंध), आणि शेअर बाजाराच्या किती पट हलतो. काल्पनिक पण नेहमी आढळणारे दोन शेअर घ्या. पहिला मोठ्या बँकेचा: बाजाराच्या दीडपट हलतो, सहसंबंध ०.८. बीटा १.२. दुसरा एका छोट्या कंपनीचा, रोज थोडेच सौदे होणारा: बाजाराच्या तिप्पट हलतो, पण स्वतःच्याच तालावर, सहसंबंध ०.२. बीटा ०.६. मेसेजच्या भाषेत हा दुसरा 'सुरक्षित'. प्रत्यक्षात तो बँकेच्या दुप्पट उड्या मारतो. फक्त त्या उड्यांचं बाजाराशी देणंघेणं नाही, म्हणून बीटाला त्या दिसत नाहीत.

याची टोकाची आवृत्ती दलाल स्ट्रीटवर जुनीच आहे. भाव खेळवणाऱ्या ऑपरेटरनं धरलेला शेअर रोज ५ टक्क्यांच्या अपर सर्किटला, म्हणजे दिवसाच्या चढाच्या कमाल मर्यादेला बंद होतो, बाजार चढो वा पडो. बाजाराशी सहसंबंध जवळपास शून्य, म्हणून बीटाही जवळपास शून्य. मग एक दिवस लोअर सर्किट लागायला सुरुवात होते आणि विकायला गेलं तर घेणाराच नसतो. ज्या शेअरमध्ये दिवसेंदिवस सौदेच होत नाहीत, त्याचा रोजच्या भावांवरून काढलेला बीटाही खोटा कमी येतो. बाजार सोमवारी पडला आणि या शेअरचा पुढचा सौदा बुधवारी झाला, तर सोमवारची घसरण गणितात जुळतच नाही.

मोठ्या कंपनीतही हे घडतं. ७ जानेवारी २००९ ला 'सत्यम'च्या अध्यक्षांचं हिशेबातल्या घोटाळ्याची कबुली देणारं पत्र बाहेर आलं. सेन्सेक्स त्या दिवशी सुमारे ७ टक्के पडला, सत्यमचा शेअर तीन चतुर्थांशाहून जास्त. बाजाराच्या घसरणीशी जोडता येण्यासारखा त्यातला भाग किरकोळ. बाकी सगळी पडझड त्या कंपनीची स्वतःची.

कॅपएमचा गाभा नेमका इथे आहे आणि मेसेजमध्ये तोच गायब आहे. अशा कंपनीपुरत्या जोखमीसाठी मॉडेल एक पैसाही मोबदला देत नाही. का? कारण पन्नास कंपन्यांत पैसे विभागणाऱ्याला ती जोखीम जवळजवळ नसतेच. एखादी बुडाली तर झळ बसते, घर जळत नाही. भाव ठरवतो तो असा विभागणारा, त्यामुळे एकाच शेअरवर सगळं लावणाऱ्याला जास्तीची जोखीम फुकट उचलावी लागते. बीटा मोजतो ती फक्त विभागूनही न जाणारी जोखीम. एकट्या शेअरची सुरक्षितता मोजायला तो बनवलेलाच नाही.

वेबसाइटवर '१.५' असं ठसठशीत दिसतं, त्याबद्दलही थोडं. एका ठिकाणी पाच वर्षांचे मासिक आकडे घेतलेले असतात, दुसरीकडे एका वर्षाचे रोजचे. कुठे निफ्टीशी तुलना, कुठे सेन्सेक्सशी. एकाच शेअरचे दोन साइटवर दोन बीटा दिसले तर दोन्ही 'बरोबर' असू शकतात. त्यापेक्षा स्वतः काढून पाहा. स्प्रेडशीटच्या B रकान्यात शेअरचा ६० महिन्यांचा मासिक परतावा टाका, C मध्ये निर्देशांकाचा. टक्केवारीतला बदल टाकायचा, भाव नव्हे. (पहिल्यांदा मी भावच टाकले होते, आणि आलेला भलताच आकडा आठवडाभर मित्रांना दाखवत फिरलो.)

```
=SLOPE(B2:B61,C2:C61)
=RSQ(B2:B61,C2:C61)
=STEYX(B2:B61,C2:C61)/SQRT(DEVSQ(C2:C61))
```

पहिल्या ओळीत बीटा मिळतो. दुसरीत कळतं की शेअरच्या हालचालीतला किती भाग बाजारामुळे आहे: वरच्या बँकेसाठी ०.६४, छोट्या कंपनीसाठी ०.०४. म्हणजे तिच्या हालचालीतला ९६ टक्के भाग बीटाच्या कक्षेबाहेरचा. तिसरी ओळ बीटाची प्रमाण त्रुटी देते, म्हणजे हा अंदाज किती इकडेतिकडे असू शकतो ते, आणि ती पाहिली की माणूस जरा जमिनीवर येतो. समजा बाजार महिन्याला सरासरी ५ टक्के वरखाली होतो आणि शेअरची स्वतःची, बाजाराबाहेरची हालचाल ९ टक्के आहे. ६० महिन्यांत त्रुटी येते सुमारे ०.२३. मग काढलेला बीटा १.५ असला तरी, दोन्ही बाजूंना दोन-दोन त्रुटी धरून, खरा बीटा साधारण १.०४ ते १.९६ मध्ये कुठेही असू शकतो. त्यात अतिशय वरचे बीटा पुढच्या काळात १ कडे सरकताना दिसतात, म्हणून व्यावसायिक विश्लेषक काढलेल्या बीटाला दोन तृतीयांश वजन आणि १ ला एक तृतीयांश वजन देऊन तो समायोजित करतात. आपला १.५ तिथे १.३३ होतो.

नोबेलचं म्हणाल तर ते खरं आहे. १९९० मध्ये शार्प यांना हॅरी मार्कोविट्झ आणि मर्टन मिलर यांच्यासोबत ते मिळालं. पण पारितोषिक विचाराला मिळालं. प्रत्यक्ष आकडे त्या विचाराशी पूर्ण जुळतात असा दाखला त्यातून मिळत नाही. १९७२ मध्येच फिशर ब्लॅक, मायकेल जेन्सन आणि मायरन शोल्स यांनी न्यूयॉर्क शेअर बाजारातले शेअर बीटाप्रमाणे दहा गटांत लावून दशकांचे आकडे तपासले. जास्त बीटाच्या गटांनी सरासरी जास्त दिलं खरं, पण सूत्र सांगतं त्यापेक्षा कमी, आणि कमी बीटाच्या गटांनी सूत्रापेक्षा जास्त. बीटासोबत परतावा वाढत जाण्याची रेषा होती, पण सूत्रापेक्षा चपटी. पुढे १९९२ मध्ये युजीन फामा आणि केनेथ फ्रेंच यांनी १९६३ ते १९९० चे अमेरिकी आकडे घेतले. कंपनीच्या आकाराचा परिणाम बाजूला काढल्यावर बीटा आणि सरासरी परतावा यांचा संबंध त्यांना जवळपास सपाट दिसला. फामा यांनाही २०१३ मध्ये नोबेल मिळालं. तेव्हा नोबेलचा हवाला दोन्ही बाजूंनी देता येतो.

रेषा चपटी का, याचं ब्लॅक यांनी दिलेलं कारण मला सर्वांत पटतं. मॉडेल धरून चालतं की ज्याला जास्त परतावा हवा तो बिनजोखीम दराने कर्ज काढून सगळ्या बाजारात जास्त पैसे लावेल. प्रत्यक्षात बहुतेकांना ते जमत नाही. आपल्याकडच्या म्युच्युअल फंडांनाही गुंतवणुकीसाठी कर्ज काढता येत नाही; सेबीची परवानगी आहे ती मुख्यतः पैसे परत मागणाऱ्यांची तात्पुरती सोय करण्यासाठी. मग ज्यांना जास्त हवं ते कर्जाऐवजी जास्त बीटाचे शेअरच घेतात. मागणी वाढते, भाव चढतात, आणि महाग घेतलेल्या वस्तूतून पुढचा परतावा घटतो. 'जास्त बीटाचे घ्या' हा सल्ला जितका पसरेल तितका तो स्वतःलाच खोटा पाडेल.

राहिलं दहा वर्षं विसरण्याचं. कॅपएम एका कालखंडाचं गणित आहे, चक्रवाढीचं नाही. समजा शेअर अगदी आज्ञाधारक आहे, बीटा नेमका १.५, बिनजोखीम दर ७. पहिल्या वर्षी बाजार ४० टक्के वर, दुसऱ्या वर्षी २० टक्के खाली. शेअर आधी ५६.५ टक्के वर जातो, मग ३३.५ टक्के खाली. वार्षिक सरासरी बाजाराची १०, शेअरची ११.५, म्हणजे कागदावर शेअर पुढे. पण शंभर रुपयांचे बाजारात ११२ झाले आणि शेअरमध्ये १०४. (७ टक्क्यांच्या ठेवीत ११४.४९ झाले असते, ते जाऊ द्या.) मोठा खड्डा भरायला त्याहून मोठी उडी लागते, आणि जास्त बीटा खड्डाही मोठाच पाडतो.

गंमत म्हणजे तरुण माणसानं काय करावं याचं उत्तर त्याच मॉडेलमध्ये आहे आणि ते वेगळं आहे. कॅपएमच्या जगात कुणीच बीटा बघून शेअर निवडत नाही. सगळे एकच टोपली धरतात, अख्खा बाजार, आणि जोखीम कमीजास्त करतात ती टोपलीबाहेर किती पैसा ठेवला त्यावरून. निवृत्तीला आलेल्या काकांनी ४० टक्के इंडेक्स फंडात आणि ६० टक्के ठेवीत ठेवले, तर त्यांच्या सगळ्या पैशाचा बीटा ०.४. पंचविशीतल्या पुतण्यानं ९० टक्के त्याच फंडात टाकले, तर त्याचा ०.९. फंड दोघांचा एकच.