अधिक म्हणजे शिल्लक नाही

आमच्या फ्रेंचच्या पाठ्यपुस्तकातली माणसं फार सभ्य होती. स्टेशन कुठे आहे एवढंच विचारायचं, तरी सुरुवात ‘पूरिये-वू म दीर’पासून, म्हणजे ‘आपण मला सांगू शकाल का’पासून. समोरच्यालाही कुठे जायची घाई नसे; तो अख्ख्या वाक्यात उत्तर देई. पुण्यात डेल्फची बी-१ पातळी पास होईपर्यंत मी याच मंडळींच्या सहवासात होतो. फ्रान्समध्ये ल्योंला आलो तर त्यांच्यापैकी एकही भेटेना. भेटला तो माझा फ्लॅटमेट. त्याचा एका संध्याकाळचा मेसेज असा:

```
slt. ya + de pain. jsp a kel h je rentre. A+
```

‘slt’ म्हणजे ‘साल्यू’, नमस्कार, एवढं कळलं. ‘jsp’ म्हणजे ‘ज से पा’, माहीत नाही. ‘a kel h’ मोठ्याने वाचलं की ‘आ केल अर’ ऐकू येतं, म्हणजे किती वाजता. थोडक्यात, घरी कधी येईन माहीत नाही. राहिला तो पाव, आणि शेवटी बहुधा साहेबांचा रक्तगट.

पाव अधिक आहे की संपलाय? आता आमचं पुस्तक काय सांगतं बघा. फ्रेंचमध्ये नकाराचे दोन तुकडे, क्रियापदाच्या पुढेमागे: ‘न’ आणि ‘पा’. ‘उरला नाही’ म्हणायचं तर ‘न’ आणि ‘प्ल्यू’. बोलताना मात्र पहिला तुकडा सगळे सर्रास गिळतात, अगदी प्रोफेसरबाईसुद्धा. ‘इल न्या प्ल्यू द पँ’ या सुशील वाक्याचं ‘या प्ल्यू द पँ’ होतं. पंचाईत अशी, की plus म्हणजे ‘जास्त’सुद्धा. बोलताना त्यावर तोडगा आहे: शेवटचा स उच्चारला, ‘प्ल्यूस’, तर पाव जास्त आहे, स गिळला, ‘प्ल्यू’, तर पाव संपला. म्हणजे रात्रीचं जेवण एका स वर अवलंबून. आणि मेसेजमध्ये त्या शब्दाच्या जागी हा पठ्ठ्या बेरजेचं चिन्ह टाकतो! जगात बेरजेच्या चिन्हाने शून्य दाखवणारं हे एकमेव हिशेबशास्त्र असावं.

शेवटी मीच तर्क केला: घरात पाव भरपूर आहे हे कळवायला कोण मेसेज करतं? म्हणजे संपलाय, आणि आणायचा मी. शेवटचा ‘A+’ म्हणजे ‘आ प्ल्यूस’, नंतर भेटू. इथे स ठणठणीत उच्चारायचा. एकाच मेसेजमध्ये एकच चिन्ह, एकदा मुकं आणि एकदा बोलकं.

तोंडी कारभार तर आणखी वेगवान. ‘ज से पा’ हे तीन शब्द कोणी सुटे म्हणत नाही. ‘ज’मधला स्वर पडतो, उरलेलं व्यंजन पुढच्या स ला जाऊन चिकटतं, आणि ऐकू येतं ‘शे पा’. तसंच ‘ज स्वी’, म्हणजे ‘मी आहे’, याचं ‘श्वी’. पहिले काही आठवडे मला वाटायचं, सगळ्या गावाला सर्दी झालीय.

एवढं अंगवळणी पडेपर्यंत वेर्लां आली. लहानपणी आपण च ची भाषा बोलायचो, मोठ्यांना कळू नये म्हणून. इथे तोच उद्योग पॅरिसच्या उपनगरांतल्या पोरांनी शब्द उलटे करून केला, आणि १९८० च्या दशकात तो सगळ्या देशात पसरला. ‘लांव्हेर’ म्हणजे उलट. तेच उलटवून ‘वेर्लां’. ‘लूश’, म्हणजे संशयास्पद, झालं ‘शेलू’. ‘फू’, म्हणजे वेडा, झालं ‘ऊफ’. ‘फाम’, बाई, हा तर उच्चाराचा एकच तुकडा, उलटणार काय? मग त्याला शेवटी एक ‘अ’ जोडायचा, ‘फा-म’चं ‘म-फा’ करायचं, आणि शेपूट छाटून ‘मफ’. हा meuf शब्द आता पती रोबेर या शब्दकोशातही आहे. ‘आराब’चं तसंच ‘बर’ झालं. तो शब्द सगळ्यांना कळायला लागला, तेव्हा पोरांनी तोही उलटवला: ‘रबे’.

पण कोणताही शब्द उचलून उलटवता येत नाही, हे लक्षात ठेवावं. ‘मेर्सी’चं ‘सीमेर’ चालतं, ‘बगेत’चं काहीही चालत नाही. कोणता शब्द उलटायचा हे सगळ्यांच्या तोंडी रुळल्यावर ठरतं, आणि व्हिसाच्या ऑफिसात तर एकही उलटत नाही.

मागच्या महिन्यात गळक्या पाइपाबद्दल घरमालकाला पत्र लिहायचं होतं. फ्लॅटमेट कागद घेऊन माझ्याच खोलीत आला. औपचारिक पत्राचा शेवट त्याला आठवेना. मी एका दमात लिहून दिला: महोदय, माझ्या आदरपूर्वक अभिवादनाचा स्वीकार करावा ही विनंती. चांगली ओळभर फ्रेंच, एकही अक्षर न गिळलेली. तो भारावून वाचत राहिला. शेजारच्या खोलीत पोचला आणि तिथून मेसेज आला; त्यातलं ‘frr’ म्हणजे भाऊ, ‘truc’ म्हणजे गोष्ट, बाकीचं आता तुम्हालाही येतं:

```
cimer frr, truc de ouf
```