एलसी म्हणजे पैसे पक्के?

"एलसी हातात आली की पैसे पक्के. किरकोळ चुका बँक बघत नाही. माल चांगला निघाला तर बँक नाही म्हणूच शकत नाही. आणि एलसीची मुदत संपेपर्यंत कागद कधीही द्या, चालतात."

हा मेसेज तासगावच्या माझ्या भाच्याने मला पाठवला, खाली लिहिलं होतं, "मामा, मग काळजीच नाही ना?" त्याचा बेदाण्याचा पहिला कंटेनर पुढच्या महिन्यात जायचा आहे. एलसी म्हणजे लेटर ऑफ क्रेडिट: ठरलेले कागद दिले की पैसे देऊ, अशी खरेदीदाराच्या बँकेची लेखी हमी. निर्यातीचे कागद तपासण्यात माझी वीस वर्षं गेली, म्हणून हे वाचून डोकं तापलं.

मालाचं आधी सांगतो, कारण त्यात वेळ घालवण्यासारखं काही नाही. जगभरच्या बहुतेक एलसी यूसीपी ६०० या नियमावलीखाली निघतात. ही आंतरराष्ट्रीय वाणिज्य मंडळाची नियमावली आहे आणि २००७ पासून लागू आहे. तिचं पाचवं कलम सरळ सांगतं की बँकेचा संबंध कागदांशी, मालाशी नाही. बेदाणा सोन्यासारखा असला तरी तपासनीस टेबलावरचे कागदच बघतो.

खरं नुकसान होतं ते मुदतीच्या सल्ल्याने. माझ्याच टेबलावरून गेलेलं एक प्रकरण सांगतो. न्हावा शेवाहून जेद्दाला बेदाण्याचा एक कंटेनर, एलसी चाळीस हजार डॉलरची. बिल ऑफ लेडिंगवर, म्हणजे जहाज कंपनीने मालासाठी दिलेल्या पावतीवर, माल चढल्याची तारीख ३ मार्च. एलसीची मुदत १५ एप्रिल. माल कुठल्या देशाचा ते सांगणारं सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन यायला उशीर झाला, निर्यातदार निर्धास्त राहिला आणि २६ मार्चला कागद घेऊन आला. पण एलसीत वेगळी मुदत दिलेली नसेल तर माल चढल्यापासून २१ दिवसांत कागद द्यावे लागतात, आणि एलसीची मुदत त्याआधी संपत असेल तर त्याआधीच. २१ दिवस २४ मार्चलाच संपले होते. इनव्हॉइस चुकलं तर ते बदलून देता येतं, गेलेले दोन दिवस परत आणता येत नाहीत.

त्यातच इनव्हॉइसवर नुसतं "रेझिन्स, ग्रेड ए" होतं आणि एलसीत "गोल्डन रेझिन्स, ग्रेड ए". तो म्हणाला, "अहो, बाजारात सगळ्यांना ठाऊक आहे." बँकेला ठाऊक असण्याची गरज नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लंडनच्या एका खटल्यात हाच वाद झाला होता. एलसीत "कोरोमंडल शेंगदाणे" होतं, बिल ऑफ लेडिंगवर "यंत्राने सोललेले शेंगदाणे" असं लिहिलेलं. व्यापारात दोन्ही एकच समजत, तरी बँकेने पैसे नाकारले ते योग्य ठरलं. प्रत्येक धंद्याची बोली बँकेला माहीत असावी, ही अपेक्षा न्यायालयाने मानली नाही. आता बिल ऑफ लेडिंगवर मालाचं ढोबळ नाव चालतं, एलसीशी विसंगत नसलं म्हणजे झालं. इनव्हॉइसला ती सवलत नाही, त्यावरचं वर्णन एलसीशी जुळलंच पाहिजे.

एलसी उघडणाऱ्या बँकेने कागद नाकारले. मग ती हवं तर खरेदीदाराला विचारते, "या त्रुटींसह घ्यायचे का?" तोवर बेदाण्याचा भाव उतरला होता. खरेदीदाराने पाच हजार डॉलर कमी करायला सांगितले. कंटेनर जेद्दाच्या बंदरात भाडं खात उभा होता, निर्यातदाराने मान्य केलं. दुसरं करणार काय?

किरकोळ चुकांबद्दल मेसेज अर्धा खरा आहे, तेवढं मानावं लागेल. अर्थ बदलत नसेल अशी स्पेलिंगची चूक त्रुटी धरत नाहीत. "मशीन"चं स्पेलिंग चुकलं तर चालतं, पण मॉडेल ३२१ च्या जागी १२३ पडलं तर नाही. बँकेवरही बंधन आहे. कागद मिळाल्याच्या दिवसानंतर बँकेच्या कामाच्या पाच दिवसांत तिने नकार कळवायचा, आणि सगळ्या त्रुटी एकाच सूचनेत. ते चुकलं तर कागद सदोष असूनही तिला त्या त्रुटी पुढे करता येत नाहीत. पण बँकेची अशी चूक होईल या भरवशावर कंटेनर पाठवू नये.

भाच्याला मी एलसीची प्रत मागवायला लावली. तिच्यातल्या 45A या रकान्यातलं मालाचं वर्णन त्याने अक्षरन् अक्षर इनव्हॉइसच्या मसुद्यात उतरवलं. मग 48 हा रकाना बघितला. तिथे कागद देण्याची मुदत २१ नव्हे, १५ दिवस होती. सर्टिफिकेट ऑफ ओरिजिनचा अर्ज माल निघायच्या आत तयार ठेवायचा, असं आम्ही लगेच ठरवलं.