मेलंय कोण? मग रडता कशाला?

«नवरा ट्रान्स निघाला म्हणून रडणाऱ्या बायकांनो, मेलंय कोण? माणूस तोच, मन तेच, फक्त कपडे बदलले. खरं प्रेम असेल तर राहाल, नाहीतर शरीरावरच प्रेम होतं म्हणा. आणि इतकी वर्षं एका घरात राहून कळलं नाही, हे कोणाला पटेल?»

हा मजकूर मला एकाच आठवड्यात तीन जणांनी पाठवला. पाठवणाऱ्यांना वाटलं असेल, मला बरं वाटेल. लग्नाला सोळा वर्षं झाली होती तेव्हा माझ्या नवऱ्याने मला सांगितलं की ती बाई आहे. मी तिला 'ती' म्हणते, जुन्या आठवणी सांगतानाही. तिने तशी विनंती केली होती आणि मला जमायला वर्ष लागलं. वाचताना अडखळायला झालं तर अडखळा, मीही अडखळले होते.

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते, कारण त्याचं उत्तर सगळ्यात सोपं आहे. कळत नाही. कळतं ते भलतंच. मला कपाटाच्या मागे बायकी चपलांचा जोड सापडला होता, आणि त्या क्षणी मला खात्री पटली की हिचं बाहेर कुणाशी तरी आहे. ती दुसरी बाई कोण, कुठली, हे मी दोन दिवस मनात रंगवत बसले. तिसऱ्या दिवशी चपल पायात घालून पाहिली तर माझ्या पायापेक्षा दोन बोटं मोठी. एवढ्या मोठ्या पायाची बाई कोण, असा विचार करत मी पलंगावर बसले होते आणि समोर तिचे बूट होते. तरीही लक्षात आलं नाही. ज्या शक्यतेसाठी आपल्याकडे शब्दच नसतो ती डोळ्यांसमोर असूनही दिसत नाही. शिवाय लपवणारी व्यक्ती त्यात तरबेज झालेली असते. तिला लहानपणापासून हे माहीत होतं. लग्न झाल्यावर हे आपोआप जाईल, असं तिला मनापासून वाटलं होतं. तिने मला फसवलं का? माझं उत्तर रोज बदलायचं. आज म्हणेन की तिने आधी स्वतःला फसवलं आणि त्यात मी सापडले. हे समजणं वेगळं आणि त्याचा राग न येणं वेगळं.

यातून एक गोष्ट होते जी बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. ज्या रात्री तिने सांगितलं, त्या रात्री ती या प्रश्नाबरोबर तीस वर्षं जगून आलेली होती आणि मी दहा मिनिटं. तिचा जीव हलका झाला. ती हसत होती, रडत होती, नवीन नाव उच्चारून बघत होती. पुढचे काही महिने तिच्या बोलण्यात दुसरा विषयच नसायचा. या झपाटलेपणाला तिच्या ओळखीतल्या ट्रान्स बायका 'पिंक फॉग' म्हणतात. तो सहसा ओसरतो, पण तो असेपर्यंत बायकोने 'मला भीती वाटते' म्हटलं तरी समोरच्याला नकार ऐकू येतो. आम्ही ज्या समुपदेशकाकडे गेलो त्याने पाऊण तास तिच्याशी बोलून शेवटी माझ्याकडे वळून विचारलं, "मग तुमचा पाठिंबा आहे ना?" माझ्यासाठी तेवढा एकच प्रश्न होता.

आता 'फक्त कपडे'. कपड्यांचं मला काहीच वाटलं नाही, खरं सांगते. दुसऱ्या महिन्यात मीच तिच्या ब्लाउजची बाही उसवून सैल करून दिली. ट्रान्स असलेली प्रत्येक व्यक्ती औषधं घेतेच असं नाही, पण तिने घ्यायचं ठरवलं, आणि औषधं सुरू झाली की गोष्ट कपड्यांची राहत नाही. एस्ट्रोजेन आणि टेस्टोस्टेरॉन दाबणारं औषध असं दोन्ही सुरू झालं की पहिल्या एक ते तीन महिन्यांतच कामेच्छा आणि आपोआप येणारा ताठरपणा कमी होऊ लागतो. तीन ते सहा महिन्यांत त्वचा मऊ होते, छातीत गाठ येते, ती दुखरी असते. चरबी वेगळ्या जागी बसू लागते आणि हे सगळं पुरं व्हायला दोन-तीन वर्षं किंवा जास्तही लागतात. उलट, आवाज या औषधांनी बदलत नाही आणि दाढीही जात नाही. त्यासाठी आवाजाचा सराव आणि लेझर किंवा इलेक्ट्रोलिसिस वेगळं करावं लागतं. औषधं बंद केली तर बरंच काही मागे फिरतं, वाढलेली छाती मात्र फिरत नाही. शुक्राणू पुन्हा तयार होतील याचीही खात्री नसते. म्हणून मूल हवं असेल तर ते आधीच गोठवून ठेवायला सांगतात. हा निर्णय दोघांचा असतो, आणि तो अशा आठवड्यांत घ्यावा लागतो जेव्हा बायकोला जेवायचंही भान नसतं. आम्हाला मुलगा होता, दुसरं नको होतं, त्यामुळे आम्ही यातून सुटलो.

माझ्यापुरतं हे सगळं चौथ्या महिन्यातल्या एका संध्याकाळी आलं. मी कामावरून आले आणि सवयीने तिला घट्ट मिठी मारली. ती कळवळली. "हळू," म्हणाली, "दुखतं." मी मागे झाले, मग पुन्हा जवळ गेले, हळू. तेव्हा लक्षात आलं की मानेजवळचा वास वेगळा आहे. सोळा वर्षं ज्या वासावर मी झोपत होते तो गेला होता. उशीच्या जुन्या अभ्र्यात तो अजून थोडा होता. तो अभ्रा मी बरेच दिवस धुतला नाही.

आणि भाषा. आपल्या भाषेत माणूस नुसतं 'दमलो' म्हणाला तरी तो कोण ते कळतं. एकदा ती सोफ्यावर बसता बसता म्हणाली, "दमले गं मी आज." तिने ठरवून म्हटलेलं नव्हतं, सहज तोंडातून आलं. तिच्या चेहऱ्यावर इतका निवांतपणा मी कधी पाहिला नव्हता. मला तिच्यासाठी आनंद झाला आणि त्याच श्वासात पोटात खड्डा पडला. माझं 'अरे' संपलं होतं. 'अगं' म्हणायला जीभ वळत नव्हती, म्हणून कित्येक आठवडे मी तिला हाकच मारली नाही. जवळ जाऊन बोलायचे.

याला रडणं म्हणायचं नाही तर काय? पॉलीन बॉस या अमेरिकन अभ्यासक-समुपदेशक बाईंनी 1970च्या दशकात अशा हरवण्याला 'अँबिग्युअस लॉस' असं नाव दिलं. त्यांनी दोन प्रकार सांगितले: माणूस समोर नाही पण मनात आहे, जसे युद्धात बेपत्ता झालेले सैनिक, आणि माणूस समोर आहे पण मनाने गेलेला, जसे स्मृतिभ्रंश झालेले. मी दोन्हींत नीट बसत नाही. माझं माणूस समोर होतं आणि मनानेही होतं, पूर्वीपेक्षा जास्तच. गेला होता तो नवरा. मयताला लोक येतात, चार दिवस स्वयंपाक करून देतात. माझ्याकडे कोणी येणार नव्हतं, कारण कोणाला सांगायचंच नव्हतं. तिचं गुपित बाहेर पडलं ते माझ्या अंगावर आलं, आणि आता मी लपलेली होते.

प्रेम आणि राहणं यांच्याबद्दल बोलायचं तर आम्ही काय केलं ते सांगते. पहिला करार असा केला की बाईचे कपडे फक्त घरात आणि फक्त शनिवार-रविवारी. तो सात आठवडे टिकला. शुक्रवार संध्याकाळ त्यात आली, मग शुक्रवार सकाळ. दर वेळी मी 'बरं' म्हणायचे आणि आतून तिचा हिशेब ठेवायचे. रेषा आखणं चूक होतं, कारण तिला ज्या दिशेला जायचं होतं तिकडे रेषा सरकणारच होती. दुसऱ्या वेळी आम्ही रेषेऐवजी वेग ठरवला. कुठलंही नवं पाऊल उचलायच्या एक महिना आधी सांगायचं. मुलाला दोघींनी मिळून सांगायचं, आणि तोवर तिसऱ्या कुणाला नाही. मला मात्र बोलायला माझी अशी एक व्यक्ती असेल, आणि तिथे मी काय बोलते ते ती विचारणार नाही. तिसऱ्या कुणाला न सांगणं मला आधीच जमलं नव्हतं, चोरून एका मैत्रिणीला मी सगळं सांगितलं होतं. म्हणूनच माझ्या त्या एका व्यक्तीचं कलम लिहून काढलं. आणि दर तीन महिन्यांनी एकमेकींना विचारायचं: पुढचे तीन महिने एकत्र राहायचं का? जन्मभराचं विचारायचं नाही. मुलगा चौदा वर्षांचा होता. त्याने एवढंच विचारलं की बाबा म्हणायचं की नाही. ती म्हणाली, बाबाच म्हण.

असे सात वेळा 'हो' झाले. आठव्या वेळी मी 'नाही' म्हणाले. तोपर्यंत मला स्वतःबद्दल एक गोष्ट पक्की कळली होती. मला बाईबद्दल ओढ वाटत नाही. मी प्रयत्न केला, डोळे मिटून केला, आणि तेच तिला सगळ्यात जास्त लागलं, कारण मिटलेल्या डोळ्यांआड मी जुन्या माणसाला शोधत होते हे तिला समजत होतं. तिची ओळख तिने निवडलेली नाही, हे मी मानते. मग माझी ओढ मी निवडली असं कसं म्हणता? ज्या न्यायाने तिला दोष देता येत नाही, त्याच न्यायाने मलाही देता येत नाही. माझ्यासारख्याच परिस्थितीतल्या एका ओळखीच्या बाई राहिल्या. त्यांना पुरुष आणि बाई दोघांबद्दलही ओढ वाटू शकते हे त्यांना चाळिशीत कळलं. दुसऱ्या एक जणी अंथरुण वेगळं करून एकाच घरात सोबतीण म्हणून राहतात आणि त्यात सुखी आहेत. यांतल्या कुणाचं प्रेम खरं हे मोजायचं माप माझ्याकडे नाही.

ब्रिटिश लेखिका जॅन मॉरिस, ज्या स्वतः ट्रान्स होत्या, आणि त्यांची बायको एलिझाबेथ यांचं उदाहरण लोक हटकून देतात. त्यांचं लग्न 1949 सालचं. मॉरिस यांनी 1964 साली हार्मोन घ्यायला सुरुवात केली आणि 1972 साली शस्त्रक्रिया केली. मध्ये आठ वर्षं गेली, हे उदाहरण देणारे सांगत नाहीत. पुढे कायद्याने त्यांना घटस्फोट घ्यायला लावला, तरी त्या एकत्र राहिल्या आणि 2008 साली नागरी भागीदारीने पुन्हा रीतसर जोडीदार झाल्या. सुंदर गोष्ट आहे. पण ती त्यांची आहे. शिवाय त्यातला घटस्फोट प्रेम आटल्यामुळे झाला नव्हता आणि माझाही नाही.

आता ती दुसऱ्या घरात राहते. शस्त्रक्रियेनंतर तिच्याजवळ दहा दिवस मीच होते. लग्नाच्या फोटोवरून आमचं भांडण झालं होतं. त्यातला चेहरा तिला बघवत नाही, आणि मला तो फेकवत नाही. तो माझ्या घरी आहे, आतल्या खोलीत. ती आली तरी मी तो काढून ठेवत नाही. ती बाहेरच्या खोलीत बसते.